तुळशीचा चहा : गुण किती, जपून कोणी

तुळस ही पुदिन्याच्या कुळातील वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव ऑसिमम टेन्युइफ्लोरम. जुन्या पुस्तकांत तिला ऑसिमम सँक्टम म्हटलेले आढळते. हिरव्या पानांची राम तुळस आणि जांभळट पानांची, काळसर देठाची कृष्ण तुळस ही एकाच जातीची दोन रूपे आहेत. रानतुळस, कापूरतुळस आणि सब्जा मात्र याच कुटुंबातल्या वेगळ्या जाती आहेत. फालुद्यात घालतात तो सब्जा आणि पिझ्झ्यावरचा बेसिल एकाच जातीचे, पण अंगणातल्या तुळशीपेक्षा निराळे. वास थोडाफार सारखा असला तरी घटकांचे प्रमाण वेगळे असते, म्हणून एकीचे गुण दुसरीच्या नावावर मांडता येत नाहीत. पुढील विवेचन अंगणातल्या तुळशीच्या पानाबद्दल आहे.

आयुर्वेदात तुळशीला सुरसा हे नाव आहे. खोकला, दमा, उचकी, बरगडीतील दुखणे अशा तक्रारींत ती सांगितली जाते. चवीला तिखट-कडू, गुणाने उष्ण, कफ आणि वात कमी करणारी पण पित्त वाढवणारी, असे तिचे वर्णन केले जाते. आम्लपित्ताचा त्रास असलेल्या माणसाला उपाशीपोटी कडक काढा घेतल्यावर छातीत जळजळ होते, हा अनेकांचा अनुभव या वर्णनाशी जुळतो.

पानात काय असते आणि पाण्यात काय उतरते

तुळशीचे पान चुरगळले की येणारा उग्र, किंचित लवंगेसारखा वास बाष्पनशील तेलाचा असतो. या तेलातला एक मुख्य घटक युजेनॉल, आणि लवंगेचा वासही त्याचाच. तेलात मिथाइल युजेनॉल आणि कॅरिओफिलीन हेही घटक असतात. त्यांचे प्रमाण झाडाचा वाण, जमीन, ऋतू आणि पान कोवळे की जून यांवर बदलते. म्हणून दोन घरांतल्या तुळशींचा चहा तंतोतंत सारखा होत नाही.

तेलाखेरीज पानात रोझमरिनिक आम्ल, एपिजेनिन, ल्युटिओलिन यांसारखे घटक असतात. प्रयोगशाळेत ते दाह कमी करणारे दिसतात. अर्सोलिक आम्ल नावाचा मेणासारखा घटकही पानात असतो. यांतले रोझमरिनिक आम्ल गरम पाण्यात सहज उतरते, युजेनॉल थोडेसेच उतरते आणि अर्सोलिक आम्ल जवळजवळ उतरतच नाही. त्यामुळे पान चावून खाणे, वाळलेल्या पानांची पूड गिळणे, अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क घेणे आणि चहा पिणे या चार वेगवेगळ्या गोष्टी ठरतात. अर्कावर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष चहाला जसाच्या तसा लागू होत नाही. तुळशीविषयी सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच अतिशयोक्तीचे मूळ या चार गोष्टी एकच समजण्यात आहे.

मात्रेचा अंदाज घेतला की हा फरक स्पष्ट होतो. मध्यम आकाराच्या ताज्या पानाचे वजन सुमारे दशांश ग्रॅम धरले, तर दहा पाने म्हणजे एक ग्रॅम. ताज्या पानात पाण्याचाच भाग मोठा असतो. ते वाळवले तर जेमतेम पाव ग्रॅम उरेल, आणि त्यातलाही पाण्यात उतरणारा भागच कपात येतो. बाजारात मिळणाऱ्या पुडीच्या चमचाभर मात्रेत किंवा अर्काच्या गोळीत यापेक्षा कितीतरी जास्त द्रव्य असते. तेव्हा ‘तुळस घेतो’ एवढ्या माहितीला अर्थ नसतो. ती कशा रूपात आणि किती घेतली जाते हे समजल्याशिवाय गुणाचा किंवा धोक्याचा अंदाज करता येत नाही.

चहा कसा करावा

एका माणसाच्या कपासाठी आठ ते दहा ताजी पाने पुरतात. पाने धुऊन हाताने तोडावीत. दीड कप पाण्याला उकळी आणावी, त्यात पाने टाकावीत, आच मंद करावी, भांड्यावर झाकण ठेवावे आणि पाच-सात मिनिटांनी गाळून घ्यावे. झाकण महत्त्वाचे आहे. वासाचे तेल वाफेबरोबर निघून जाते; झाकणाला लागून थंड झालेली वाफ थेंबांच्या रूपाने पुन्हा भांड्यात पडते आणि तेलाचा काही भाग वाचतो. उघड्या भांड्यात पाऊण तास उकळलेल्या काढ्याला वास कमी आणि कडवटपणा जास्त येतो, तो यामुळेच. वाळलेली पाने वापरायची असतील तर कपाला एक लहान चमचा, म्हणजे साधारण एक ग्रॅम, पुरे. ती उकळत्या पाण्यात टाकून गॅस बंद करावा आणि झाकून ठेवावे.

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत तुळशीचा चहा म्हणजे नेहमीच्या दुधाच्या चहात आले, गवती चहा आणि तुळशीची चार पाने. हा चहा चवीला चांगला असतो, पण त्यात तुळशीची मात्रा औषधापुरती नसते. शिवाय त्यातली चहापूड आणि साखर आपले परिणाम करतातच. उलट टोकाला काढा असतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्यात चार भाग तुळस, दोन भाग दालचिनी, दोन भाग सुंठ आणि एक भाग मिरे असे प्रमाण होते. या मिश्रणाची तीन ग्रॅम पूड सुमारे दीडशे मिलिलिटर पाण्यात टाकून एक किंवा दोन वेळा घ्यावी, असे सांगितलेले होते. त्या काळात अनेक घरांत यात जेष्ठमध, लवंग, हळद अशी भर पडत गेली आणि दोन वेळांचा काढा चार वेळांवर गेला. पोटात आग पडणे, तोंड येणे अशा तक्रारी ऐकू येऊ लागल्या, तेव्हा त्यामागे तुळशीपेक्षा मिरे, सुंठ आणि अतिरेक यांचा वाटा मोठा होता.

खोकल्यावर काय होते

सर्दीबरोबर येणारा खोकला बहुधा विषाणूंमुळे असतो. नाकातला शेंबूड घशात उतरतो, घसा सुजतो, श्वासनलिकेची आतली त्वचा हुळहुळी होते आणि जरा काही झाले की ढास लागते. असा खोकला बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यांत आपोआप थांबतो. त्यामुळे या काळात जे काही घेतले जाते त्याला श्रेय मिळते. सातव्या दिवशी काढा सुरू केला आणि दहाव्या दिवशी खोकला उतरला, तर तो काढ्यामुळेच उतरला असे म्हणता येत नाही.

तुळशीच्या चहाचा खोकल्यात होणारा उपयोग मुख्यतः दोन बाजूंनी समजून घेता येतो. पहिली बाजू गरम पेयाची. ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात सर्दी झालेल्या तीस जणांना फळांच्या अर्काचे पेय दिले होते, गरम किंवा खोलीच्या तापमानाचे. नाकातून जाणाऱ्या हवेच्या प्रमाणात मोजण्याइतका फरक पडला नाही. पण गरम पेयाने नाक वाहणे, खोकला, शिंका, घशाची खवखव, हुडहुडी आणि थकवा यांत लोकांना लगेच आराम वाटला. त्यात तुळस नव्हती. म्हणजे तुळशीच्या चहाने मिळणाऱ्या आरामाचा एक भाग कोणत्याही चविष्ट गरम पेयाने मिळतो. घशाला ओल मिळते, लाळ सुटते आणि घट्ट कफ खाकरून काढणे सोपे जाते.

दुसरी बाजू पानाची. युजेनॉल आणि रोझमरिनिक आम्ल यांचे दाहशामक आणि काही जिवाणूंना रोखणारे गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत, आणि युजेनॉलने घशाला किंचित बधिरपणाही येतो. मात्र काचेच्या बशीत जिवाणूंवर ओतलेले तेल आणि कपातल्या चहात उतरलेला अंश यांच्या तीव्रतेत फार अंतर असते. कपभर चहाने घशातला संसर्ग मरतो, असा दावा त्यावरून करता येत नाही. घसा निवतो, ढास थोडी कमी होते आणि झोप लागायला मदत होते, इतके म्हणणे रास्त आहे. चमचाभर मधाने रात्रीचा खोकला कमी होतो, याला तुळशीपेक्षा अधिक चांगला आधार आहे. म्हणून ज्यांना मध चालतो त्यांनी चहा कोमट झाल्यावर तो घालायला हरकत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध कधीही देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तुळशीचा रसही चाटवू नये. त्या वयात आईचे दूध पुरे असते.

खोकल्यासाठी तुळस घेताना मुदत पाळणे हे मात्रेइतकेच महत्त्वाचे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकलेल्या खोकल्यात थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी व्हावी, असा भारतातील क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाचा नियम आहे, आणि ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. थुंकीतून रक्त, धाप, छातीत दुखणे, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा रात्री दरदरून घाम येणे यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नये. आणखी एक कारण मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसांत सहज नजरेतून सुटते. रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना कोरडा, घशात टोचल्यासारखा खोकला येतो आणि तो महिनोन् महिने राहतो. तो कोणत्याही काढ्याने जात नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की काही आठवड्यांत थांबतो. ती गोळी आपल्या मनाने बंद करणे मात्र धोक्याचे असते.

प्रतिकारशक्तीबद्दल काय माहीत आहे

प्रतिकारशक्ती म्हणजे वाढवता-घटवता येणारा एखादा साठा नव्हे. अनेक प्रकारच्या पेशी, प्रतिपिंडे आणि त्यांच्यात संदेश नेणारी रसायने यांचे ते जाळे आहे. त्यातला एक घटक वाढला म्हणजे माणूस कमी आजारी पडेल, असे सरळ गणित नसते.

या विषयावरचा सर्वांत जास्त उल्लेख होणारा प्रयोग दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चोवीस निरोगी स्वयंसेवकांना तुळशीच्या पानांच्या अल्कोहोल-अर्काची तीनशे मिलिग्रॅमची कॅप्सूल चार आठवडे रोज उपाशीपोटी दिली गेली. मध्ये खंड ठेवून त्याच माणसांना तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूलही दिली गेली. कोणाला केव्हा कोणती मिळते हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही. प्रयोग पूर्ण केलेल्या बावीस जणांत अर्कानंतर इंटरफेरॉन-गॅमा आणि इंटरल्युकिन-४ ही संदेशरसायने वाढलेली दिसली, तसेच टी-मदतनीस पेशी आणि एन-के पेशी यांचे प्रमाणही वाढलेले दिसले.

प्रयोग नीट आखलेला होता, पण त्याचा अर्थ जपूनच लावावा लागतो. सहभागी थोडे आणि निरोगी होते, मुदत एका महिन्याची होती आणि दिलेला पदार्थ चहा नव्हता. मुख्य म्हणजे मोजमाप रक्तातल्या घटकांचे होते. त्या लोकांना पुढे सर्दी-खोकला कमी झाला का, हा प्रश्न त्या आखणीत नव्हता. तुळशीच्या अर्काने प्रतिकार यंत्रणेत हालचाल होते, एवढे त्यातून कळते. तुळशीचा चहा घेणारा कमी आजारी पडतो, हे त्यातून कळत नाही. तुळशीवर माणसांत झालेल्या चोवीस अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बरेच परिणाम अनुकूल आणि दुष्परिणाम किरकोळ आढळले. पण हे अभ्यास बहुतेक लहान आणि थोड्या मुदतीचे असल्याने, मोठ्या आणि दीर्घ अभ्यासांची गरज उरतेच. फ्लूची लस किंवा इतर लशींची जागा तुळशीला घेता येत नाही.

संधिवाताभ किंवा ल्युपससारखा, स्वतःच्याच पेशींवर हल्ला करणारा आजार असलेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या माणसाने अर्क किंवा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. जी यंत्रणा मुद्दाम शांत ठेवली आहे तिला चाळवणारे काही नियमित घेणे हिताचे नाही.

मधुमेहाच्या गोळ्या आणि तुळस

तुळशीने रक्तातील साखर थोडी उतरते, याला माणसांत झालेल्या प्रयोगांचा काही आधार आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात प्रकार-२ मधुमेहाच्या चाळीस रुग्णांना काही आठवडे तुळशीच्या पानांची पूड आणि काही आठवडे दुसऱ्या पानांची निष्क्रिय पूड दिली गेली. तुळशीच्या काळात उपाशीपोटी साखर दुसऱ्या काळाच्या तुलनेत सरासरी २१ मिलिग्रॅमने आणि जेवणानंतरची साखर सुमारे १६ मिलिग्रॅमने कमी आढळली. हा उतार एखाद्या सौम्य गोळीच्या आसपासचा म्हणता येईल. अभ्यास लहान, जुना आणि थोड्या आठवड्यांचा आहे. तेवढ्यावर गोळ्या सोडणे हा अविचार ठरेल. पण आधीच गोळ्या चालू असलेल्या माणसाला हा थोडा उतारही नको त्या वेळी भारी पडू शकतो.

सर्व गोळ्या यात सारख्या नाहीत. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि ग्लिबेनक्लामाइड या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, आणि रक्तातली साखर आधीच कमी असली तरीही त्यांचे काम चालू राहते. इन्सुलिनच्या इंजेक्शनाचेही तसेच. साखर धोकादायक पातळीखाली जाण्याचा खरा संभव या दोहोंत असतो. नुसत्या मेटफॉर्मिनने, किंवा सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांसारख्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांनी एकट्याने साखर सहसा फार खाली जात नाही. मात्र अनेकांच्या एकाच गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असतात. म्हणून पाकिटावरच्या व्यापारी नावावर न जाता खाली बारीक अक्षरांत लिहिलेले घटक वाचावेत.

एक कल्पित पण नेहमी घडण्यासारखे उदाहरण घेऊ. बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ सकाळच्या न्याहारीआधी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी घेतात. त्यांची उपाशीपोटी साखर एरवी १२० च्या आसपास असते. त्यांना सर्दी-खोकला होतो. घरात तुळशीची पूड आहे. ती चमचा-चमचा टाकून काढा दिवसातून तीन वेळा सुरू होतो, आणि गोड नको म्हणून तो बिनगुळाचा. तिसऱ्या दिवशी त्यांची अन्नावरची वासना उडते. सकाळी ते गोळी नेहमीप्रमाणे घेतात, पण पोह्यांचे दोन घास खाऊन ताटली बाजूला सारतात. साडेअकराच्या सुमारास त्यांना घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते आणि बोलताना शब्द सापडत नाहीत. घरच्यांना वाटते, तापाने अशक्तपणा आला. ग्लुकोमीटरवर साखर ५८ दिसते.

इथे मुख्य दोष गोळी आणि चुकलेले जेवण यांच्या गाठीचा आहे. तुळशीने त्यात थोडी भर घातली असेल किंवा नसेलही; एका प्रसंगावरून ते ठरवता येत नाही. मात्र ज्या दिवसांत साखर आधीच अस्थिर असते, नेमक्या त्याच दिवसांत ती उतरवू शकणारा आणखी एक पदार्थ मोठ्या मात्रेत सुरू झाला, हा धोका टाळता येण्यासारखा होता. निर्जळी किंवा अर्धपोटी उपवासाच्या दिवशीही हेच घडू शकते.

साखर ७० च्या खाली गेली तर वाट पाहू नये. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच द्यावे, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. ती वर आली की पोळी, भात किंवा बिस्किटे असे काही खायला द्यावे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा अंमल दिवसभर टिकतो, त्यामुळे वर आलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून दिवसभर आणि रात्री झोपण्यापूर्वी मोजत राहावे आणि डॉक्टरांना कळवावे. माणूस बेशुद्ध असेल किंवा गुंगीत असेल तर तोंडातून काहीही घालू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हृदयासाठी किंवा रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी घेणाऱ्यांना थरथर आणि धडधड ही इशाऱ्याची लक्षणे जाणवतीलच असे नाही. घाम मात्र येतो. त्यांनी लक्षणांपेक्षा मोजणीवर भिस्त ठेवावी.

यावरून व्यवहाराचा नियम असा निघतो. दिवसाकाठी आठ-दहा पानांचा एक-दोन कप चहा, जेवण वेळेवर होत असेल तर, बहुतेक मधुमेहींना चालतो. पूड, अर्काचे थेंब किंवा गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावे, आणि सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणाआधी साखर मोजून वहीत लिहावी. आकडे नेहमीपेक्षा सतत २०-३० ने खाली दिसू लागले तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. गोळीचा डोस त्यांनी ठरवावा. अर्क अचानक बंद केला तर साखर पुन्हा वर जाऊ शकते, तेव्हाही मोजणी लागते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर गोळ्यांचा अंश शरीरात जास्त वेळ राहतो, म्हणून अशा रुग्णांनी अर्क टाळलेलाच बरा.

विसरली जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे गोडवा. खोकल्याच्या काढ्यात गूळ किंवा मध ‘नैसर्गिक’ म्हणून सढळ हाताने पडतो. दिवसातून तीन कप आणि कपाला दोन चमचे मध, म्हणजे तीस-पस्तीस ग्रॅम साखर पोटात गेली. मग साखर वाढते आणि तुळस लागू पडली नाही असे वाटते.

गर्भारपणात आणि अंगावर पाजताना

गर्भवती स्त्रियांवर तुळशीच्या औषधी मात्रेचे पुरेसे प्रयोग झालेले नाहीत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही काळजीच्या खुणा दिसल्या आहेत. मादी उंदरांना मोठ्या मात्रेत पानांचे काही अर्क दिल्यावर गर्भ रुजण्यात अडथळा आला, आणि नर उंदरांत शुक्राणू कमी झाल्याचेही आढळले. हे अर्क चहासारखे पाण्यात काढलेले नव्हते आणि मात्राही कपभर चहापेक्षा फार मोठी होती. त्यामुळे तीर्थातले पान किंवा चहातली चार पाने खाल्ल्याने गर्भपात होतो, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. पण सुरक्षित मात्रा कोणती हेही ठरलेले नसल्याने गर्भारपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, पूड, अर्क, तेल आणि रोजचा कडक काढा टाळावा. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्यांनीही अर्क आणि गोळ्या लांब ठेवाव्यात.

सावधगिरीचे दुसरे कारण मिथाइल युजेनॉल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये त्याला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ अशा गटात ठेवले. हे वर्गीकरण पदार्थाच्या स्वभावाविषयी असते. रोज किती पोटात गेल्यास धोका, हे ते सांगत नाही. अधूनमधून घेतलेल्या चहात त्याचा अंश अल्प असतो. तुळशीचे तेल थेंब-थेंब पोटात घेण्याची पद्धत मात्र गर्भारपणात तरी पूर्ण टाळावी.

काढ्यातल्या इतर घटकांकडेही या काळात पाहावे लागते. जेष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे रक्तदाब वाढू शकतो आणि पोटॅशियम कमी होऊ शकते, म्हणून गर्भवतीने जेष्ठमध घातलेला काढा घेऊ नये. दुधाचा तुळशीचहा असेल तर त्यातल्या चहापुडीमुळे अन्नातले आणि गोळीतले लोह नीट शोषले जात नाही. लोहाची गोळी आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर असावे. गर्भारपणातल्या मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल तर साखर उतरण्याविषयी वर सांगितलेली काळजी इथेही लागू होते.

गर्भवतीला खोकला झाला तर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, गरम पाणी, वाफ आणि साखरेचा त्रास नसेल तर चमचाभर मध एवढ्याने पुष्कळदा भागते. ताप, धाप किंवा खोकल्याबरोबर बाळाची हालचाल कमी वाटणे यांत घरगुती उपाय करत बसू नये. अंगावर पाजणाऱ्या आईबाबतही अर्काची सुरक्षितता ठरलेली नाही. स्वयंपाकाच्या किंवा साध्या चहाच्या प्रमाणात तुळस चालते, औषधी मात्रा डॉक्टरांना विचारूनच.

रक्त पातळ करणारी औषधे आणि शस्त्रक्रिया

युजेनॉल रक्तातील बिंबिकांची चिकटण्याची क्रिया कमी करते, असे प्रयोगशाळेत दिसते. वॉरफरिन, ॲसिट्रोम या नावाने मिळणारे निकोमलोन, क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन रोज घेणाऱ्याने म्हणूनच तुळशीचा अर्क किंवा तेल सुरू करू नये. हिरड्यांतून रक्त येणे, कारण नसताना अंगावर काळे-निळे डाग पडणे किंवा शौच काळसर होणे ही रक्त जास्त पातळ झाल्याची चिन्हे आहेत. ठरवलेल्या शस्त्रक्रियेच्या किंवा बाळंतपणाच्या सिझेरियनच्या दोन आठवडे आधी अर्क आणि गोळ्या बंद कराव्यात. भूल देणारे डॉक्टर चालू औषधे विचारतात, तेव्हा रोजच्या गोळ्यांबरोबर घरचा काढा, पूड आणि अर्क यांचीही नावे मात्रेसह सांगावीत. बहुतेक रुग्ण त्यांना औषध समजत नाहीत आणि म्हणून सांगत नाहीत.